पहिल्या पानावरचा R

पेपर हातात पडला की बहुतेक मुलं पहिलं पान उलटतात. त्या पानावर सूचना असतात, त्या वर्गात आधीच वाचून दाखवलेल्या असतात. सूचनांच्या खाली एक तक्ता असतो: प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, वायुस्थिरांक वगैरे. हे सगळं पाठच आहे असं वाटून नजर पुढे सरकते आणि पेपर सुरू होतो तो थेट पहिल्या प्रश्नापासून. तक्त्याची आठवण येते ती तासाभराने, एखाद्या गणितात घोडं अडलं की.

हा तक्ता सगळीकडे सारखा नसतो. सीबीएसईच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात दरवर्षी जवळजवळ तीच यादी छापलेली असते, मग त्यातला एखादा स्थिरांक पेपरात कुठेच लागला नाही तरी चालतं. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पेपरात अलीकडे सूचनांच्या शेवटी मोजक्याच किमती येतात, त्या पेपरातल्या गणितांना लागतील तेवढ्याच. त्यामुळे तिथे चाणाक्ष विद्यार्थ्याला पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज यादीवरूनच येतो. स्टीफनचा स्थिरांक दिसला तर उष्ण वस्तूच्या प्रारणाचं गणित कुठेतरी दबा धरून बसलेलंच असतं. आणि आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडच्या लेखी पेपरात स्थिरांकांबरोबर सूत्रंही छापतात, पुढच्या पानावर आवर्तसारणी असते. 2001 मध्ये ही स्पर्धा मुंबईत झाली होती. भारतीय संघाची निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते.

सूत्रंच छापून दिली तर मग परीक्षा कसली, असं पालकांना वाटू शकतं. त्याचं उत्तर त्या तक्त्याच्या एकाच ओळीत सापडतं. ऑलिंपियाडच्या बऱ्याच वर्षांच्या तक्त्यांत वायुस्थिरांक R असा लिहिलेला असतो:

R = 8.3145 J K⁻¹ mol⁻¹ = 0.08205 L atm K⁻¹ mol⁻¹

एकाच स्थिरांकाच्या या दोन किमती. आकड्यांत शंभरपटींहून जास्त फरक, तरी मध्ये बरोबरचं चिन्ह. कोणती उचलायची हे तक्ता सांगत नाही. ते गणित सांगतं, आणि तेही सरळ सांगत नाही.

एक गणित घेऊन हे पाहू. समजा, पेपराच्या तक्त्यात वरच्या ओळीसोबत g = 9.81 m s⁻² आहे, 0 °C = 273.15 K आहे आणि सूत्रांमध्ये या दोन ओळी आहेत:

p = p₀ e^(−Mgh/RT)

ln(p₂/p₁) = −(ΔH/R)(1/T₂ − 1/T₁)

पहिलं सूत्र उंचीबरोबर हवेचा दाब कसा घटतो ते सांगतं. दुसरं क्लॉसियस-क्लॅपेरॉनचं, दाब बदलला की द्रवाचा उत्कलनबिंदू किती सरकतो, ते त्यातून निघतं. आणि पाचव्या-सहाव्या पानावर प्रश्न येतो: कळसूबाई शिखराची उंची 1646 मीटर. हवेचं तापमान 20 °C, हवेचं सरासरी मोलर वस्तुमान 29 ग्रॅम प्रति मोल, पाण्याची बाष्पीभवन ऊष्मा 40.7 किलोज्यूल प्रति मोल. पायथ्याशी समुद्रसपाटीचा, म्हणजे 1 atm दाब धरा. शिखरावर पाणी किती अंशांना उकळेल? (कळसूबाईचा पायथा समुद्रसपाटीला नाही हे गिर्यारोहक लगेच सांगतील. शिखराची उंची मात्र समुद्रसपाटीपासूनच मोजलेली आहे, त्यामुळे गणिताला बाध येत नाही.)

प्रश्नात दाब atm मध्ये दिलाय. त्यामुळे हात आपोआप 0.08205 कडे जातो. ‘Atm दिसला की छोटा R’ हे क्लासमध्ये घटवून घेतलेलं असतं. इथेच गाडी घसरते. Mgh कडे नीट बघा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ही स्थितिज ऊर्जा आहे, एक मोल हवा तेवढ्या उंचीवर नेण्याची. ती ज्यूलमध्ये येणार. घातांकाला एकक असून चालत नाही, म्हणून छेदातला RT सुद्धा ज्यूलमध्येच हवा. दाबाचं एकक काय आहे याचा इथे काडीचाही संबंध नाही, कारण p आणि p₀ दोन्ही त्याच एककात आहेत आणि त्यांचं फक्त गुणोत्तर मोजायचंय. तेव्हा R = 8.3145.

आता ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे: 0.029. अंशात 0.029 × 9.81 × 1646, म्हणजे सुमारे 468 ज्यूल प्रति मोल. छेदात 8.3145 × 293, सुमारे 2436. भागाकार 0.192. e चा −0.192 वा घात 0.825. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साडेब्याऐंशी टक्के.

दुसऱ्या सूत्रात ln(p₂/p₁) म्हणजे तेच −0.192, त्यासाठी 0.825 चा लॉग पुन्हा काढायची गरज नाही. ΔH चे 40.7 किलोज्यूल 40700 ज्यूल करून घ्यायचे, कारण R ज्यूलमध्ये आहे. मग 1/T₂ म्हणजे 1/373.15 अधिक 8.3145 × 0.1922 / 40700. पहिली संख्या 0.0026799, दुसरी 0.0000393, बेरीज 0.0027192. त्याचा व्यस्तांक 367.8 केल्विन, म्हणजे 94.6 अंश सेल्सिअस. माथ्यावर पाणी खालच्यापेक्षा साधारण साडेपाच अंश आधी उकळतं. दर तीनशे मीटरला एक अंश हा जो ढोबळ हिशेब सांगतात, त्याच्याशी हे छान जुळतं.

सरळ वाटेने गेलं तर गणित एवढंच. पण तपासणाऱ्याला जी उत्तरं दिसतात ती सरळ वाटेची नसतात, आणि त्यातली प्रत्येक चूक आपली वेगळी खूण सोडून जाते.

छोटा R घेतला तर घातांक 0.19 ऐवजी 19.5 येतो आणि शिखरावरचा दाब एका वातावरणाच्या सुमारे एकोणतीस कोटी भागांतला एक भाग निघतो. एवढ्या पोकळीत गिर्यारोहक तर सोडाच, माचिसची काडीही पेटणार नाही. ही चूक ओरडून सांगते. बाष्पीभवन ऊष्मा किलोज्यूलमध्येच ठेवली तर पाणी 24 केल्विनला, म्हणजे शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास उकळतं असं उत्तर येतं. तीही ओरडते. एककाच्या चुका बहुधा हजारपटीच्या किंवा शंभरपटीच्या असतात, म्हणून त्या लपत नाहीत. अट एकच: उत्तर लिहिल्यावर क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहायला हवं.

भीती असते ती न ओरडणाऱ्या चुकांची. केल्विनऐवजी सेल्सिअस टाकण्याची चूक घ्या. पहिल्या सूत्रात 293 च्या जागी 20 टाकले तर दाब 0.06 atm येतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेचा दाब साधारण एक तृतीयांश atm असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ही चूक कळेल. इतरांना कळेलच असं नाही. पण पहिली पायरी नीट करून दुसऱ्या सूत्रात 373.15 च्या जागी 100 टाकले तर उत्तर येतं 99.6. उंचावर पाणी थोडं आधी उकळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. 99.6 हे शंभराहून थोडं कमीच आहे. विद्यार्थी समाधानाने उत्तराखाली दोन रेघा ओढतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तक्त्यात 0 °C = 273.15 K ही ओळ छापलेली असते ती याचसाठी, पण ही ओळ कोणत्याच सूत्रात दिसत नाही. तिला कुठे बोलवायचं ते आपल्यालाच आठवावं लागतं.

दुसरी अशीच चूक लॉगची. तक्त्यात ln छापलेलं असतं, म्हणजे e हा पाया. ज्या परीक्षांत कॅल्क्युलेटर चालत नाही, फक्त लॉग टेबल चालतं, तिथे हातातलं पुस्तक 10 पायाचं. दोघांमध्ये 2.303 चा गुणक आहे आणि तो विसरला की गणित तरीही सुरळीत चालत राहतं. आपल्या गणितात e च्या जागी 10 चा घात घेतला तर दाब 0.825 ऐवजी 0.64 येतो आणि त्यावरून उत्कलनबिंदू जवळपास 88 अंश. हेही पटण्यासारखं उत्तर आहे. फक्त 0.64 atm दाब याच सूत्राने 3800 मीटरच्या जवळपास उंचीवर मिळतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाई लेहच्याही वर जाऊन बसली.

लॉग टेबलने हीच पायरी बरोबर कशी करायची तेही पाहू, कारण वहीत इथेच सर्वांत जास्त खाडाखोड दिसते. 0.1922 ला 2.303 ने भागलं की 0.0835 येतात. आपल्याला 10 चा −0.0835 वा घात हवा आहे, आणि अँटिलॉगच्या तक्त्यात ऋण अपूर्णांक नसतात. म्हणून त्यात 1 मिळवून 1 वजा करायचा: −1 + 0.9165. हेच आपण 1 वर आडवी रेघ देऊन ‘बार वन पॉइंट नऊ एक सहा पाच’ असं म्हणतो. 0.9165 चा अँटिलॉग 8.25, बार एकमुळे दशांशचिन्ह एक घर डावीकडे, उत्तर 0.825. ज्यांनी −0.0835 मधली वजाबाकी न करता थेट 0.0835 चा अँटिलॉग पाहिला त्यांना 1.21 मिळतं, म्हणजे डोंगर चढल्यावर दाब वाढला. निदान ही चूक तरी ओरडते.

या गणितात आणखी एक गंमत दडलेली आहे, आणि तक्त्यातली सूत्रं सुटी सुटी वापरणाऱ्याला ती दिसत नाही. पहिल्या सूत्रातून ln(p₂/p₁) = −Mgh/RT मिळतं. ते दुसऱ्या सूत्रात ठेवलं की डावीकडच्या छेदातला R आणि उजवीकडच्या छेदातला R एकमेकांना छेदतात. उरतं ते असं:

1/T₂ = 1/T₁ + Mgh/(T ΔH)

R नाहीसा झाला! म्हणजे ज्याने दोन्हीकडे छोटा R घातला आणि लॉगमध्ये −19.5 तसाच पुढे नेला, त्याचंही शेवटचं उत्तर 94.6 येईल, जरी मधला दाब हास्यास्पद असला तरी. म्हणून परीक्षक मधल्या पायऱ्यांनाही गुण ठेवतात, आणि म्हणूनच आधी अक्षरांत सूत्रं एकत्र करून मग शेवटी आकडे घालावेत असं जुने शिक्षक कानीकपाळी ओरडून सांगतात. नव्या समीकरणाचा अर्थही छान लागतो: एक मोल हवा वर न्यायला लागणारी ऊर्जा आणि एक मोल पाण्याची वाफ करायला लागणारी ऊर्जा यांची तुलना. 468 ज्यूल विरुद्ध 40700. गुणोत्तर एवढं लहान आहे म्हणूनच उत्कलनबिंदू थोडासाच खाली येतो.

छापलेल्या सूत्राबरोबर त्याच्या अटी मात्र छापलेल्या नसतात. तक्त्यात जागा नसते हे खरं, पण खरी परीक्षा तिथेच असते. वरचं दाबाचं सूत्र हवेचं तापमान सगळ्या उंचीवर सारखंच आहे असं धरतं. प्रत्यक्षात वर जाताना हवा गार होत जाते. कळसूबाईएवढ्या उंचीला यामुळे फारसं बिघडत नाही, एव्हरेस्टला मात्र उत्तर दिसण्याइतकं चुकतं. क्लॉसियस-क्लॅपेरॉनच्या या रूपात ΔH तापमानाबरोबर बदलत नाही असं गृहीत आहे. शंभर आणि पंच्याण्णव अंशांमध्ये ते चालून जातं. पाण्याला शून्य अंशापर्यंत नेलं तर ऊष्मा 45 किलोज्यूलच्या घरात जाते आणि 40.7 धरून काढलेला बाष्पदाब चुकतो. प्रश्नात ‘ऊष्मा स्थिर आहे असे समजा’ असे पाच शब्द असतात ते यासाठी. ते शब्द नसतील आणि तापमानाची झेप मोठी असेल, तर प्रश्न काढणाऱ्याला बहुधा दुसरंच काही हवं असतं.

आता आकडे किती घरांपर्यंत ठेवायचे याबद्दल. गुणाकार-भागाकारात तक्त्यातली किंमत 8.3145 घेतली काय आणि पाठ असलेली 8.314 घेतली काय, उत्तरात फरक पडत नाही. प्रकाशाचा वेग 3 × 10⁸ घेतला आणि दुसऱ्याने 2.998 × 10⁸ घेतला तर फरक हजारात एकाहूनही कमी. पण आपल्या गणिताची शेवटची पायरी गुणाकाराची नव्हती. मोठ्या संख्येत, 0.0026799 मध्ये, अगदी छोटी 0.0000393 मिळवायची होती. तिथे कुणी बेरजेला 0.0027 असं गोल केलं तर उत्तर 97.2 अंश येतं. साडेपाच अंशांच्या घटीतली निम्मी घट त्या गोल करण्यात गेली. बेरीज-वजाबाकीत दोन संख्यांपैकी एक लहान असेल, किंवा दोन जवळजवळ सारख्या संख्यांचा फरक घ्यायचा असेल, तर मधली सगळी घरं शेवटपर्यंत ओढत न्यावीच लागतात.

हीच गोष्ट उलटी फिरून तक्त्यावरच येते, आणि तक्त्याची मर्यादा दाखवते. सीबीएसईच्या यादीत प्रोटॉनचं वस्तुमान 1.673 × 10⁻²⁷ किलोग्रॅम आणि न्यूट्रॉनचं 1.675 × 10⁻²⁷ असतं. चार अंकी किमती, रोजच्या गणितांना पुरून उरणाऱ्या. आता ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा काढायची आहे असं समजा. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन एकत्र बांधलेले. त्याचं वस्तुमान 3.3436 × 10⁻²⁷ किलोग्रॅम. तक्त्यातल्या दोन किमतींची बेरीज 3.348 × 10⁻²⁷. फरक 0.0044 × 10⁻²⁷. त्याला c² ने गुणून इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आणलं की 2.48 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. खरी किंमत 2.22 आहे. दहा टक्क्यांहून जास्त चूक, आणि विद्यार्थ्याने एकही पायरी चुकवलेली नाही. प्रोटॉनचं वस्तुमान खरं तर 1.67262 आणि न्यूट्रॉनचं 1.67493. तक्ता छापताना जी घरं गळाली, त्यांच्यातच उत्तराचा दहावा हिस्सा होता.

म्हणून बंधनऊर्जेच्या प्रश्नात वस्तुमानं अणुवस्तुमान एककात, दशांशचिन्हानंतर पाच-सहा घरांपर्यंत, प्रश्नाच्या मजकुरातच दिलेली असतात, आणि सोबत 1 u = 931.5 MeV/c² हेही लिहिलेलं असतं. तिथे पहिल्या पानावर परत जायचं नाही. प्रश्नात एखादी किंमत दिली असेल तर तीच घ्यायची, ती तक्त्याशी जुळत नसली तरी. प्रश्नात नसेल तर तक्त्यातली. आणि दोन्हीकडे नसेल तरच पाठ केलेली. आदर्श उत्तरपत्रिका याच क्रमाने तयार झालेली असते. g ची किंमत प्रश्नात 10 दिली असताना तक्त्यातला 9.8 वापरून काढलेलं उत्तर पर्यायांच्या यादीत सापडत नाही, तेव्हा ‘पर्यायच चुकीचे छापलेत’ अशी तक्रार करणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांचं गणित बरोबर असतं. फक्त ते दुसऱ्याच पानावरच्या आकड्याने केलेलं असतं.